चार चौकोनांची रुंदी: माझ्या सीआरटी पेसमेकरचा अनुभव

ऑक्टोबर २०२३ मध्ये मला पहिल्यांदा जाणवले की आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या अडतीस पायऱ्या मी एका दमात चढू शकत नाही. आधी एकोणिसाव्या पायरीवर, मग बाराव्या पायरीवर थांबावे लागू लागले. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालेले, त्यामुळे वजन आणि वय या दोघांवर दोष टाकून मी तीन आठवडे काढले. रात्री एका उशीवर झोपले की खोकला येई आणि उठून बसले की थांबे. मी दुसरी उशी घेतली आणि तेवढ्यावर भागवले. ही माझी पहिली चूक. आडवे झाल्यावर येणारा आणि बसल्यावर जाणारा खोकला छातीचा नसून हृदयाचा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. पायांवर सूज आली आणि पैंजणाचा वळ संध्याकाळपर्यंत तसाच राहू लागला, तेव्हा यजमानांनी मला जवळजवळ ओढतच कोल्हापुरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले.

२ नोव्हेंबरला त्यांनी ईसीजी काढला. त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्राने छापलेल्या चार-पाच आकड्यांपैकी एकाभोवती त्यांनी पेनने गोल केला: क्यूआरएस १६२ मिलिसेकंद. पुढचे सहा महिने माझे सगळे निर्णय या एका आकड्याभोवती फिरले, म्हणून तो काय आहे ते आधी सांगते. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, त्यामुळे त्यावरचा एक लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांत वीज पसरायला जितका वेळ लागतो, तितकी रुंदी त्या उंच टोकदार रेषेला असते. सर्वसाधारण माणसात ती अडीच चौकोनांच्या आत आटोपते. माझी चार चौकोनांहून थोडी अधिक होती आणि तिच्या माथ्यावर टोक असण्याऐवजी एक खाच होती. डॉक्टरांनी निदान लिहिले, 'लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक', म्हणजे डाव्या कप्प्याकडे वीज नेणारी तार बंद.

घरी येऊन मी जुनी फाईल काढली. २०१६ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेला ईसीजी त्यात होता आणि त्यावरही हीच ओळ इंग्रजीत छापलेली होती, रुंदी १३८. त्या वेळी कोणी काही बोलले नव्हते आणि मीही वाचले नव्हते. जुने ईसीजी फेकू नका, एवढे मी इथेच सांगून ठेवते. थर्मल कागदावरची शाई काही वर्षांत उडते, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या बाबतीत या एका जुन्या कागदाने डॉक्टरांना सांगितले की तारेचा बिघाड आधीचा असून हृदयाचा अशक्तपणा बहुधा नंतरचा आहे.

टूडी इकोत इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतो ते प्रमाण, २६ टक्के निघाले. निरोगी माणसात ते साधारण ५५ च्या वर असते. ८ नोव्हेंबरला अँजिओग्राफी झाली. खर्च १८,५०० रुपये, एक दिवसाचा मुक्काम, आणि रक्तवाहिन्या स्वच्छ. ब्लॉकेज नाहीत हे ऐकून नातेवाईकांनी पेढे मागितले. मला मात्र आनंद मानावा की नाही ते कळत नव्हते, कारण ब्लॉकेज असते तर निदान काढता तरी आले असते, असे तेव्हा वाटत होते.

यानंतर मला वाटले होते की लगेच काही यंत्र बसवतील. तसे झाले नाही, आणि इथे अनेक जण अधीर होतात म्हणून सविस्तर लिहिते. हार्ट फेल्युअरची चार प्रकारची औषधे आधी द्यायची, प्रत्येकाचा डोस सोसेल तितका वाढवायचा आणि किमान तीन महिने वाट पाहून पुन्हा इको करायचा, असा नियम आहे. काहींचे हृदय नुसत्या औषधांवर इतके सुधारते की यंत्राची गरजच उरत नाही. मला सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, मेटोप्रोलोल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन अशी चार औषधे एकामागून एक सुरू झाली, शिवाय लघवी वाढवणारी गोळी. महिन्याचा औषधांचा खर्च सुमारे साडेतीन हजार. दर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी होई. रक्तदाब ९८ वर आला तेव्हा सकाळी अंथरुणावरून उठताना भिंत धरावी लागे. रोज सकाळी शौचानंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहायचे, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा, हा शिरस्ता मी आजही पाळते. या तीन महिन्यांचे प्रत्येक प्रिस्क्रिप्शन आणि औषधांची बिले तारखेनुसार एका पिशवीत ठेवा. ते का, हे पुढे विम्याच्या प्रसंगात कळेल.

२२ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा इको केला. सूज गेली होती, एका उशीवर झोप लागत होती, पण इजेक्शन फ्रॅक्शन २७ वरच अडले होते आणि पायऱ्या अठरापलीकडे जात नव्हत्या. डॉक्टरांनी मला पुण्यातल्या एका रुग्णालयातल्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडे, म्हणजे हृदयाच्या विजेचे काम पाहणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवले.

१२ मार्चची भेट माझ्या आयुष्यातली सर्वांत उपयोगी चाळीस मिनिटे होती. त्या डॉक्टरांनी आधी इकोचा रिपोर्ट उघडलाच नाही. त्यांनी ईसीजी टेबलावर पसरला आणि रुंदी पाहण्याच्या आधी आकार पाहिला. मग त्यांनी इकोचा व्हिडिओ लावून मला दाखवले की दोन कप्प्यांमधला पडदा आधी आत झटका मारतो आणि बाहेरची भिंत बऱ्याच उशिराने आत येते, तोवर पडदा सैल पडून उलट्या बाजूला फुगलेला असतो. मला घाटावर दोघींनी मिळून गोधडी पिळण्याची आठवण झाली. दोघींनी एकाच वेळी पीळ दिला तर पाणी निथळते. एकीने पीळ देऊन हात सैल सोडल्यावर दुसरीने सुरुवात केली, तर दोघींचेही हात दुखतात आणि गोधडी ओलीच राहते. मी हे बोलून दाखवले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, अगदी हेच. तुमच्या दोन्ही भिंतींमध्ये जोर आहे, फक्त वेळ जुळत नाही. मी जोर देऊ शकत नाही, वेळ जुळवून देऊ शकतो."

यंत्राचे नाव त्यातूनच आले आहे: कार्डियाक रिसिंक्रोनायझेशन थेरपी, थोडक्यात सीआरटी. साध्या पेसमेकरच्या तारा हृदयाच्या उजव्या बाजूला असतात. यात आणखी एक तार हृदयामागच्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर नेतात आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच क्षणी ठोका देतात. म्हणजे हे यंत्र अशक्त हृदयाचे टॉनिक नाही. ज्याच्या हृदयात उशीर आहे, त्याचा उशीर ते भरून काढते, आणि ज्याच्यात उशीर नाही त्याला देण्यासारखे त्याच्यापाशी काही नसते.

हे मला त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर समोरासमोर पाहायला मिळाले. माझ्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका बसले होते. त्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन २५, माझ्यापेक्षाही कमी. त्यांना दोन हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेले होते आणि क्यूआरएस १०८ होता. "तुम्हाला मशीन, मला नाही, हा काय न्याय?" असे ते विचारत होते. त्यांना पैशांअभावी नाकारले आहे, असा त्यांच्या मुलाचा समज झाला होता. माझी वेळ आली तेव्हा मी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला. त्यांनी त्या काकांविषयी काही सांगितले नाही, ते योग्यच, पण तत्त्व समजावले. क्यूआरएस १३० च्या आत असेल तर हृदय कितीही अशक्त असले तरी सीआरटी बसवत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इको-सीआरटी नावाच्या चाचणीत अशा सुमारे आठशे रुग्णांना यंत्र बसवले. निम्म्यांचे चालू ठेवले, निम्म्यांची सीआरटी बंद ठेवली. फायदा तर झाला नाहीच, उलट चालू असलेल्यांत मृत्यू अधिक झाले, आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ज्यांचा ठोका मुळात जुळलेला आहे, त्यात बाहेरून ढवळाढवळ केली तर तो विस्कटतो. त्या काकांना नंतर धोकादायक लय रोखण्यासाठी शॉक देणारे आयसीडी बसवले, असे त्यांच्या मुलाने मला महिनाभराने सांगितले. ते वेगळ्या कामाचे यंत्र आहे.

रुंदी असूनही फायदा कमी होतो, अशीही माणसे आहेत. माझ्या मावसबहिणीच्या यजमानांचा क्यूआरएस १४२ आहे, पण त्यांची उजव्या बाजूची तार बंद आहे. त्यांच्या डाव्या कप्प्याला वीज वेळेवर पोहोचते, उशीर उजवीकडे होतो, मग डावीकडे तिसरी तार नेऊन साधणार काय? म्हणून डाव्या तारेचा ब्लॉक आणि रुंदी १५० किंवा अधिक, नाडी नियमित, इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा कमी आणि औषधे पूर्ण देऊनही धाप, अशा रुग्णाबाबत डॉक्टरांच्या मनात फारशी शंका नसते. डाव्या ब्लॉकमध्येच रुंदी १३० ते १४९ असेल तरीही बसवणे रास्त मानतात. बायकांना या मधल्या पट्ट्यात पुरुषांपेक्षा जास्त लाभ होतो, कारण आमचे हृदय आकाराने लहान, तेव्हा तेवढाच उशीर त्याला प्रमाणाने मोठा पडतो. ब्लॉक डावा नसेल तर १५० च्या वर विचार करतात, खाली सहसा नाही. एक अपवादही त्यांनी सांगितला: ज्यांच्या हृदयाचा जोर थोडा कमी आहे आणि ज्यांना ठोके पडण्यासाठी सतत पेसमेकरवर अवलंबून राहावे लागणार आहे, त्यांना रुंदी न पाहताही अशी जोडीची तार देतात. नुसत्या उजव्या बाजूने सतत दिलेला ठोका स्वतःच डाव्या ब्लॉकसारखा उशीर तयार करतो.

त्यांनी आणखी एक तपासणी सांगितली, ती म्हणजे हृदयाचा एमआरआय, ११,००० रुपये. डाव्या कप्प्याच्या मागच्या-बाहेरच्या भिंतीत जखमेचा व्रण आहे का, हे पाहायचे होते, कारण तार नेमकी तिथे टेकवायची असते. व्रणाच्या मेलेल्या पेशींवर दिलेला ठोका पसरत नाही. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांना या यंत्राचा लाभ तुलनेने कमी मिळतो, त्याचे हे एक मोठे कारण. माझ्या एमआरआयमध्ये व्रण नव्हता. एकूण दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाला सीआरटीनंतर अपेक्षित सुधारणा होत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले. माझे पारडे जड होते, पण खात्री कोणी दिली नाही, आणि दिली असती तर मी तिथे बसवून घेतलेच नसते.

मग प्रश्न आला पी की डी. सीआरटी-डीमध्ये शॉक देण्याची सोय असते, सीआरटी-पीमध्ये नसते. किमतीत दोन-अडीच लाखांचा फरक आम्हाला सांगितला होता. मुलाचे म्हणणे होते, "आई, महागातले घे." डॉक्टरांनी मात्र दोन्ही बाजू मांडल्या. २००५ सालच्या केअर-एचएफ या चाचणीत शॉक नसलेले साधे सीआरटीच वापरले होते. ८१३ रुग्णांना सरासरी सुमारे अडीच वर्षे पाहिले, तेव्हा नुसत्या औषधांवरच्या गटात ३० टक्के मृत्यू झाले, तर यंत्राच्या गटात २० टक्के. माझ्या हृदयात व्रण नाही, कधी चक्कर येऊन पडले नाही, होल्टरमध्ये, म्हणजे चोवीस तास अंगावर लावलेल्या ईसीजीत, धोकादायक लय नाही. उलट डीमध्ये विनाकारण शॉक बसण्याची शक्यता आणि जाडजूड तार. माझ्यासाठी पी घेणे चुकीचे ठरणार नाही, असे त्यांचे मत पडले आणि मी पी निवडले. व्रण असलेल्या, तरुण किंवा आधी घातक लय नोंदलेल्या माणसाने माझा हा निर्णय उचलू नये.

आता विमा. माझी निवृत्त कर्मचाऱ्यांची पाच लाखांची सामूहिक पॉलिसी आहे. १५ एप्रिलला रुग्णालयाच्या टीपीए खिडकीवरून कॅशलेससाठी कागद गेले आणि दोन दिवसांनी तीन प्रश्न परत आले: आजार केव्हापासून आहे, तीन महिने औषधे घेतल्याचा पुरावा काय, आणि क्यूआरएस दिसेल असा ईसीजी कुठे आहे. बिलांची पिशवी इथे कामी आली. आजार केव्हापासून, या प्रश्नावर मी २०१६ चा ईसीजी लपवला नाही, तोही जोडला. पॉलिसी त्याआधीची असल्याने अडचण आली नाही. तरी मंजुरीचे पत्र २३ तारखेला दुपारी आले, त्यामुळे २२ ला भरती होऊनही कॅथ लॅबची वेळ दोन दिवस पुढे गेली आणि मी उगीच दोन दिवस रुग्णालयाचा उपमा खाल्ला. मंजुरी हातात आल्यावरच भरती व्हा. खोली विम्याच्या मर्यादेतलीच घ्या, कारण महाग खोली घेतली तर इतर अनेक आकार त्याच प्रमाणात कापले जातात. एकूण बिल ४ लाख २७ हजार झाले. त्यात यंत्र आणि तीन तारा मिळून २ लाख ९० हजार. आमच्या खिशातून ३१ हजार गेले.

२४ एप्रिलला सकाळी साडेनऊला मला आत घेतले. आदल्या रात्री आणि सकाळी जंतुनाशक साबणाने आंघोळ, डाव्या खांद्याखाली जागा बधिर करण्याची इंजेक्शने, शिरेतून प्रतिजैविक आणि थोडे गुंगीचे औषध. पूर्ण भूल नव्हती. तोंडावर हिरवे कापड, त्यामुळे दिसत काही नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. उजव्या बाजूच्या दोन तारा अर्ध्या तासात बसल्या. बाकीचा सगळा वेळ तिसऱ्या तारेने घेतला. हृदयामागच्या मोठ्या शिरेत नळी घालून त्यांनी रंगद्रव्य सोडले. "काकू, छातीत गरम वाटेल हं," असे साहाय्यक डॉक्टर म्हणाले, आणि वाटलेही. पडद्यावर फांद्या दिसतात आणि त्यातली बाहेरच्या भिंतीवर जाणारी फांदी निवडायची असते. समोरची फांदी सोपी असली तरी तिथे लाभ कमी, आणि अगदी टोकापर्यंत तार ढकलणेही टाळतात.

पहिल्या फांदीत तार बसली आणि विजेच्या मोठ्या दाबाने ठोका देऊन पाहताच माझ्या पोटाला आतून लाथ बसल्यासारखे झाले. प्रत्येक ठोक्याला एक लाथ. मी घाबरून ओरडले. डाव्या कप्प्याच्या बाहेरून श्वासपटलाची नस जाते आणि तार तिच्या जवळ असेल तर हृदयाबरोबर श्वासपटलही उडते, असे त्यांनी सांगितले. तारेला चार धातूची कडी असतात, म्हणून तार न हलवता त्यांनी दुसरे कडे वापरून पाहिले. दुसऱ्यानेही लाथ, तिसऱ्याने शांत. ही फांदी जमली नसती तर आतल्या पडद्यातून थेट हृदयाच्या मूळच्या, बंद पडलेल्या डाव्या तारेजवळ ठोका देण्याची नवी पद्धत वापरणार होते, तशी माझी संमती आधीच घेतली होती. बारा वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणाले, "क्यूआरएस १३०." टाके घालताना मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे काढतात. फुप्फुसाला भोक पडलेले नाही आणि तारा जागेवर आहेत, एवढे त्यात पाहायचे. २६ एप्रिलला घरी सोडताना यंत्राचे ओळखपत्र आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले स्टिकर मिळते. दोन्हीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पुढे कुठलाही एमआरआय करायचा झाला तर हेच मागतात. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि दोन किलोहून जड उचलायचे नाही. वेणी घालणे बंद. मी पुढून बटणांचे चार ब्लाउज आधीच शिवून घेतले होते, ती माझ्या जावेची सूचना, आणि कुठल्याही माहितीपत्रकात ती नाही. हात अगदी न हलवताही ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो. माझ्या जावेच्या आईचा आखडला होता. जखमेवर लाली, पाणी किंवा ताप आला तर स्वतः मलम लावत बसू नये, त्याच दिवशी दाखवावे, कारण कातडीखाली यंत्र ठेवायला केलेल्या खिशात जंतुसंसर्ग झाला तर सगळेच काढावे लागते.

मे महिन्याच्या मध्यावर डाव्या कुशीवर झोपले की उचकीसारखे बारीक उडू लागले. तीच लाथ, पण हलकी. तीन दिवस मी ते अ‍ॅसिडिटीवर ढकलले. २७ मेच्या तपासणीत प्रोग्रॅमरवर, म्हणजे यंत्र बाहेरून जुळवण्याच्या संगणकावर, विजेचा दाब थोडा कमी केला आणि उचकी तिथल्या तिथे थांबली. पाच मिनिटांचे काम होते.

खरी निराशा जुलैमध्ये आली. पहिल्या महिन्यात पायऱ्या पंचवीसपर्यंत गेल्या होत्या, त्या पुन्हा अठरावर आल्या. पैसे गेले, फायदा नाही, असे मनात येऊ लागले. ३० जुलैला यंत्र तपासले तेव्हा डॉक्टरांनी आधी एकच आकडा पाहिला: एकूण ठोक्यांपैकी किती ठोके यंत्राने दोन्ही बाजूंनी दिले. माझे ८८ टक्के भरले. हा आकडा शंभराच्या जितका जवळ तितके बरे. ९८ च्या वर हवा, आणि नव्वदीच्या आसपास रेंगाळला तर यंत्र असूनही नसल्यासारखेच. होल्टर लावले, २,५०० रुपये. चोवीस तासांतल्या सुमारे एक लाख दोन हजार ठोक्यांपैकी ११,४०० ठोके खालच्या कप्प्यातून अवेळी आलेले होते. असा अवेळी ठोका पडला की यंत्र त्या वेळी गप्प बसते. अवेळी ठोका यंत्राच्या ठोक्याशी मिसळला तर यंत्र तो आपल्याच खात्यात जमा करते, म्हणून छापलेल्या ८८ पेक्षाही खरा आकडा कमी असावा, असे ते म्हणाले. ज्यांची नाडी एट्रियल फिब्रिलेशनमुळे अनियमित आणि वेगवान असते, त्यांच्यातही हाच घोळ होतो, आणि कधी कधी वरच्या-खालच्या कप्प्यांमधली वाट जाळून बंद करावी लागते, म्हणजे सगळे ठोके यंत्राचेच उरतात. माझ्यात तेवढे करावे लागले नाही. मेटोप्रोलोल वाढवले, अ‍ॅमिओडॅरोन सुरू केले (त्यासाठी थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात), आणि २० सप्टेंबरला आकडा ९८ वर आला. तपासणीला जाल तेव्हा बॅटरी किती उरली, हे विचारण्याआधी हा टक्का विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

५ नोव्हेंबर २०२४ च्या इकोत डाव्या कप्प्यात ठोक्याच्या शेवटी उरणारे रक्त १४८ मिलिलिटरवरून ९२ वर आले होते. १५ टक्के घट झाली तरी यंत्राला प्रतिसाद मिळाला, असे मानतात. इजेक्शन फ्रॅक्शन ४२. झडपेची गळती, जी मला आधी वेगळा आजार वाटत होती, ती मध्यमवरून किंचितवर आली, कारण झडपेला धरून ठेवणारे स्नायूही आता वेळेवर आकसतात. चारही औषधे चालू आहेत आणि चालूच राहणार आहेत. आकडे सुधारले म्हणून मनाने गोळी बंद करू नका, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. स्पायरोनोलॅक्टोनचा डोस मात्र पोटॅशियम वाढल्याने निम्मा झाला.

घरात बदल थोडेच आहेत. मोबाइल उजव्या कानाला लावते आणि छातीजवळच्या खिशात ठेवत नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब उभी राहते, म्हणजे व्यवहारात मी गॅसवरच स्वयंपाक करते. विमानतळावर ओळखपत्र दाखवते. बॅटरी साधारण सात वर्षे जाईल, असा यंत्राचाच अंदाज आहे. त्यानंतर खिसा उघडून फक्त डबी बदलतात, तारा त्याच राहतात.

फाईलमध्ये आता तीन ईसीजी एकाखाली एक लावले आहेत: २०१६ चा १३८, २०२३ चा १६२ आणि आताचा १३०. तिसऱ्यात पहिल्या लीडची रेषा आधी खाली जाऊन मग वर येते. ती तशी जाते तोवर यंत्राची डावी तार काम करते आहे असे समजावे, हे मला साहाय्यक डॉक्टरांनी पेन्सिलने दाखवले होते. अडतीस पायऱ्या सध्या मधे एकदा थांबून होतात, तिसाव्या पायरीवर. पुढची तपासणी मे महिन्यात आहे.